हॉलमधलं चित्र आतल्या खोलीत

घरातला दुसरा टीव्ही बहुतेक वेळा नवा घेतलेला नसतो. हॉलसाठी मोठा आणला की जुना ३२ इंची आतल्या खोलीत जातो. तिथे प्लग पॉइंट असतो, पण डिशची केबल पोचलेली नसते. सेट-टॉप बॉक्स एकच, आणि तो हॉलमध्ये. मग शोधाशोध करताना ‘वायरलेस एचडीएमआय सेंडर’ नावाची दोन डब्यांची जोडी दिसते. एक डबी सेट-टॉप बॉक्सजवळ ठेवायची, दुसरी आतल्या टीव्हीजवळ, आणि मधे वायर नाही. खोक्यावर ५० मीटर, १०० मीटर असे आकडे छापलेले असतात. फ्लॅटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत १२ मीटरही होत नाहीत, त्यामुळे शंका घ्यायचं कारणच दिसत नाही.

शंका घ्यायला हवी. तो आकडा मोकळ्या मैदानातला आहे, एका डबीवरून दुसरी थेट दिसते तेव्हाचा. घरात मीटरांपेक्षा भिंती मोजाव्या लागतात, आणि भिंत विटेची आहे की काँक्रीटची यावर सगळं ठरतं. पण त्याआधी हे यंत्र नेमकं काय करतं ते पाहू, कारण पैसे वाया जाण्याचं पहिलं कारण तिथेच असतं.

सेंडर नवा कार्यक्रम आणत नाही. सेट-टॉप बॉक्समधून बाहेर पडणारं चित्र तो जसंच्या तसं दुसरीकडे पोचवतो. हॉलमध्ये बातम्या लागल्या असतील तर आतही बातम्याच दिसणार. आतल्या माणसाने मालिका लावली की हॉलमधल्या बातम्या गेल्या. दोन खोल्यांत एकाच वेळी दोन वेगळे कार्यक्रम हवे असतील तर दुसरा बॉक्स आणि दुसरी जोडणी घेण्यावाचून इलाज नाही. आतला टीव्ही स्मार्ट असेल आणि त्यावर फक्त ओटीटीच पाहायचं असेल, तरीही सेंडर नको. घरच्या वाय-फायवर ते थेट चालतं. सेंडरचा खरा उपयोग एकाच परिस्थितीत होतो. बॉक्स एक आहे, पाहणारे दोन खोल्यांत आहेत, पण बहुधा एका वेळी एकच जण पाहतो, किंवा दोघांना तेच पाहायचं असतं.

माझ्या मावशीच्या घरी अगदी हीच परिस्थिती होती. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे काही आठवडे त्यांचा मुक्काम आतल्या बेडरूममध्ये. हॉलमध्ये ५५ इंची टीव्ही, आत जुना ३२ इंची. मावशीचं म्हणणं साधं होतं: “अरे, त्यांना मॅच दिसली पाहिजे आणि भिंती फोडायच्या नाहीत.” पुण्यातल्या पिंपळे सौदागर भागातला हा नवा टॉवर आहे. सेंडरच्या बाबतीत काय काय आडवं येऊ शकतं ते सगळं या एका घरात पाहायला मिळालं, म्हणून पुढचं सांगणं त्याच घराला धरून करतो.

आधी अडचणीचं मूळ पाहू. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रं धरली तर सेकंदाला जवळजवळ ३ अब्ज बिट होतात. एचडीएमआयच्या तारेला हे झेपतं, ती त्यासाठीच बनवलेली आहे. घरातल्या साध्या वाय-फायच्या लहरींना ते झेपत नाही. भिंतीपलीकडे त्यांच्याकडून सेकंदाला काही कोटी बिट भरवशाने मिळाले तरी पुष्कळ. म्हणून बाजारातले बहुतेक स्वस्त आणि मध्यम किमतीचे सेंडर चित्र आधी दाबून लहान करतात. पाठवणारी डबी, म्हणजे ट्रान्समीटर, त्याचा आकार साधारण दोनशेव्या भागावर आणते. पलीकडची डबी, म्हणजे रिसीव्हर, ते पुन्हा उलगडते. यूट्यूबवरचा व्हिडिओ किंवा मोबाइलमधलं चित्रण याच तऱ्हेने दाबलेलं असतं. फरक इतकाच की इथे ते काम क्षणोक्षणी, चित्र चालू असतानाच करावं लागतं.

न दाबता पाठवण्याचे मार्गही निघाले. इस्राएलमधल्या अमिमॉन या कंपनीने डब्ल्यूएचडीआय नावाचं तंत्र आणलं. ते ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच चालतं, पण चित्रातला महत्त्वाचा भाग जास्त जपून आणि बारीकसारीक तपशील कमी जपून पाठवतं. त्यामुळे लहर क्षीण झाली तर चित्र तुटत नाही, त्यात दाणे दिसू लागतात. उशीर एक मिलिसेकंदाहूनही कमी. याची किंमत जास्त असते आणि व्हिडिओ शूटिंगच्या धंद्यात त्याचा वापर अधिक होतो. दुसरा मार्ग ६० गिगाहर्ट्झचा. त्यात जागा भरपूर, उशीर नगण्य, पण या लहरी भिंत ओलांडत नाहीत. मधून माणूस गेला तरी चित्र अडखळतं. एकाच खोलीत छताच्या प्रोजेक्टरपर्यंत चित्र न्यायचं असेल तर ठीक, दुसऱ्या खोलीसाठी निरुपयोगी. तेव्हा दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीसाठी आपल्या हातात येते ती बहुधा चित्र दाबून पाठवणारी जोडी, आणि तिच्याबरोबर उशीरही येतो.

हा उशीर हवेतून जाण्याचा नसतो. लहरी प्रकाशाच्या वेगाने जातात, १० मीटरला त्यांना काहीच वेळ लागत नाही. वेळ जातो तो दाबण्यात, उलगडण्यात आणि साठवणीत. एखादा तुकडा हवेत हरवला तर तो पुन्हा मागवायला सवड हवी, म्हणून रिसीव्हर थोडं चित्र हाताशी साठवूनच दाखवायला सुरुवात करतो. ही साठवण जितकी मोठी तितकं चित्र स्थिर, आणि तितकाच उशीर जास्त. या प्रकारच्या जोड्यांमध्ये साधारण ८० ते २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा बारावा ते पाचवा भाग, उशीर होतो असं धरून चालावं. त्यात टीव्हीची स्वतःची प्रक्रिया मिळवायची. चित्र गुळगुळीत करण्याच्या सोयी चालू असतील तर तीही काही दशांश सेकंद खाऊ शकते. टीव्हीत ‘गेम मोड’ असेल तर तो लावून हा भाग कमी करता येतो.

आपल्या जोडीचा उशीर घरी मोजता येतो, आणि दुकानात परत करायची मुदत संपण्याआधी तो मोजावाच. दोन्ही डब्या एकाच खोलीत ठेवायच्या. ट्रान्समीटरला लॅपटॉप जोडायचा, रिसीव्हरला टीव्ही, आणि दोन्ही पडद्यांवर तेच चित्र दिसेल असं ठेवायचं. लॅपटॉपवर शतांश सेकंद दाखवणारं स्टॉपवॉच चालू करायचं आणि दोन्ही पडदे एका चौकटीत येतील असे मोबाइलने फोटो काढायचे. मावशीकडे एका फोटोत लॅपटॉपवर १२.४८ सेकंद होते आणि टीव्हीवर १२.३१. म्हणजे ०.१७ सेकंदाचा फरक. मग सेंडर काढून तोच टीव्ही तारेने लॅपटॉपला जोडला आणि पुन्हा फोटो काढले, तर फरक ०.०४. हा टीव्हीचा स्वतःचा उशीर. उरले ०.१३ सेकंद, ते सेंडरचे. पडदा सेकंदाला ६० वेळाच बदलत असल्यामुळे एका फोटोवर विसंबू नये. चारपाच काढून मधला आकडा घ्यावा.

०.१३ सेकंद म्हणजे किती, ते काय पाहायचं आहे त्यावर अवलंबून आहे. मालिका, बातम्या, कीर्तन, क्रिकेटचं प्रक्षेपण यांत तो उशीर कळतच नाही. आवाज आणि चित्र एकाच दाबलेल्या प्रवाहातून येतात, दोघांना सारखाच उशीर होतो, म्हणून ओठ आणि शब्द जुळलेले राहतात. गेम खेळायचा असेल तर गोष्ट वेगळी. क्रिकेटच्या व्हिडिओ गेममध्ये ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला जवळजवळ ३९ मीटर जातो. पडद्यावर तो जिथे दिसतो त्याच्या ५ मीटर पुढे तो गेममध्ये प्रत्यक्ष आलेला असतो. खेळपट्टीची एकूण लांबीच २०.१२ मीटर. फलंदाजाने बटण कितीही वेळेवर दाबलं तरी बॅट मागे राहणार. आतल्या खोलीत मुलांना गेमिंग कन्सोल चालवायचा असेल तर सेंडरचा विचार सोडून द्यावा आणि कन्सोलच आत न्यावा.

उशीर आणखी एका ठिकाणी जाणवतो, आणि त्याची कल्पना कुणी आधी देत नाही. दोन्ही टीव्ही एकाच वेळी चालू असले की पॅसेजमध्ये उभ्या असलेल्या माणसाला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं, आधी हॉलमधून आणि लगेच मागोमाग बेडरूममधून. हॉलमध्ये विकेटचा ओरडा आधी होतो. यावर तांत्रिक उपाय फारसा नाही. एकाचा आवाज कमी करावा किंवा बेडरूमचं दार लावावं. लाकडी दाराने लहर थोडीशीच कमी होते, त्याची धास्ती नको.

काकांना कमी ऐकू येतं म्हणून मावशीने त्यांच्यासाठी ब्लूटूथ हेडफोन काढून ठेवले होते. इथे जपायला हवं. ब्लूटूथमध्ये आवाज पुन्हा दाबला आणि उलगडला जातो, आणि हा दुसरा उशीर फक्त आवाजाला होतो, चित्राला नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ साली या बाबतीत मर्यादा सुचवल्या आहेत. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला किंवा १२५ मिलिसेकंद मागून आला की फरक माणसाच्या लक्षात यायला लागतो. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये १५० ते २०० मिलिसेकंद सहज जातात, आणि निवेदकाचे ओठ आधी हलून शब्द मागून येतो. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात लांब वायरीचा साधा हेडफोन लावला की हा प्रश्न उरत नाही. काकांसाठी शेवटी तेच केलं.

आता भिंतींकडे येऊ. जुन्या इमारतींत खोल्यांमधल्या भिंती ४ किंवा ६ इंची विटेच्या असतात. ५ गिगाहर्ट्झची लहर अशा भिंतीतून जाताना बरीच कमी होते, तरी पलीकडे कामापुरती उरते. हलक्या सिमेंट ब्लॉकची भिंत त्याहून सोपी. पण गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या उंच इमारतींत ॲल्युमिनियमचे साचे लावून आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या ओततात. बांधकामवाले या पद्धतीला मिवान म्हणतात. या भिंती सहा इंचांच्या आसपास जाड आणि आत सळ्यांची जाळी असलेल्या असतात. अशा एका भिंतीनंतर लहरीच्या ताकदीचा ढोबळमानाने शंभरावा भाग उरतो. दोन भिंती आल्या तर दहा हजारावा. वरच्या खोक्यावर १०० मीटर लिहिलेलं असलं तरी इथे ६ मीटरवर चित्र तुटायला लागतं. आपली भिंत कोणती हे कळायला खिळा ठोकून पाहणं पुरेसं आहे. विटेत तो शिरतो, काँक्रीटवर वाकतो.

मावशीचं घर मिवानचं. हॉल आणि बेडरूम यांच्यामध्ये सरळ रेषेत दोन काँक्रीटच्या भिंती आणि त्यांच्या मधे बाथरूम. अंतर अवघं ९ मीटर. ट्रान्समीटर पहिल्यांदा ठेवला तो सगळे ठेवतात तिथेच, टीव्ही युनिटमध्ये, टीव्हीच्या मागे. बेडरूममध्ये चित्र आलं, पण दर थोड्या वेळाने त्याचे चौकोनी तुकडे व्हायचे, मग ते गोठायचं आणि आवाज तुटायचा. दाबून पाठवलेल्या चित्रात लहर कमी पडल्याची खूण हीच. चित्र हळूहळू धूसर होत नाही. चांगलं असतं तोवर अगदी स्वच्छ असतं आणि मर्यादा ओलांडली की एकदम मोडतं.

अशा वेळी भिंतीशी झुंजण्यात अर्थ नसतो, लहरीला दुसरी वाट द्यावी लागते. हॉल आणि बेडरूम एकाच पॅसेजमध्ये उघडतात. लहरी भिंतींवर आपटून परततात, त्यामुळे पॅसेजमधून वळण घेऊन त्या आत पोचू शकतात, आणि काँक्रीटच्या घरात हीच वाट जास्त भरवशाची. त्यासाठी ट्रान्समीटरला टीव्हीच्या मागून बाहेर काढावं लागतं. टीव्हीच्या पाठीत धातूचा पत्रा असतो, तो लहरीला अडवतो. मोठा आरसा, लोखंडी कपाट, फ्रिज हेही तेच करतात. फिशटँकमधलं पाणी लहर शोषून घेतं. दोन मीटरची एचडीएमआय केबल घेऊन ट्रान्समीटर युनिटच्या वरच्या फळीवर, पॅसेजच्या तोंडाशी ठेवला. रिसीव्हर बेडरूमच्या टीव्हीमागे लोंबकळत होता, तो टीव्हीच्या कडेला, दाराकडे तोंड करून दुहेरी टेपने चिकटवला. ज्या डब्यांना बाहेर अँटेना असतात त्यांच्या अँटेना दोन्हीकडे सारख्याच, उभ्या ठेवाव्यात. एवढ्याने तुकडे होणं थांबलं. रेषा भिंतीला जितकी तिरकी तितका भिंतीतला प्रवास लांबतो आणि परत फेकला जाणारा भागही वाढतो. म्हणून भिंत ओलांडायचीच असेल तर ती समोरासमोर ओलांडेल अशी जागा शोधावी. हातभर सरकवण्यानेही फरक पडतो, कारण परावर्तित लहरी काही ठिकाणी एकमेकींना मारतात. जागा पक्की करायच्या आधी ती थोडी थोडी बदलून पाहण्यात अर्धा तास घालवणं फायद्याचं.

जोडणी सरळ आहे, पण क्रम चुकला की गोंधळ होतो. सेट-टॉप बॉक्सचं एचडीएमआय ट्रान्समीटरच्या ‘इन’ला. ट्रान्समीटरवर ‘लूप आउट’ नावाचं दुसरं भोक असेल तर तिथून हॉलच्या टीव्हीला. विकत घेताना हे भोक आहे का ते पाहावं. नसेल तर मधे वेगळा स्प्लिटर लागतो. बेडरूममध्ये रिसीव्हरचं ‘आउट’ टीव्हीला. दोन्ही डब्या ५ व्होल्टच्या यूएसबीवर चालतात, आणि ही वीज टीव्हीच्या यूएसबीतून घ्यायचा मोह होतो. तो टाळावा. टीव्हीचं साधं यूएसबी अर्धा अँपिअरच देतं, डबीला जास्त लागलं तर ती अधूनमधून बंद पडून पुन्हा सुरू होते आणि आपण लहरींना दोष देतो. शिवाय हॉलचा टीव्ही बंद केला की ट्रान्समीटरही बंद, म्हणजे आतलं चित्र गेलं. दोन्हींना मोबाइलचे वेगळे चार्जर लावावेत आणि ट्रान्समीटर बंद कपाटात कोंडू नये, तो बराच तापतो.

सेंडर मधे आला की सेट-टॉप बॉक्सला हॉलचा टीव्ही थेट दिसत नाही. कुठलं चित्र आणि कुठला आवाज पाठवायचा हे बॉक्स पलीकडच्या यंत्राला विचारून ठरवतो, आणि आता तो सेंडरला विचारतो. सेंडर फुल एचडीपर्यंतचाच असेल तर हॉलचा फोर-के टीव्हीही फुल एचडीवर येतो. आपल्याकडचे बहुतेक डीटीएच चॅनेल त्यापुढे जात नाहीत, म्हणून तोटा दिसत नाही. आवाजाचं मात्र लक्षात ठेवावं. बॉक्समध्ये डॉल्बी लावलेलं असेल तर हॉलच्या साउंडबारवर आवाज येतो आणि बेडरूममध्ये चित्र असूनही शांतता, असं होऊ शकतं. बॉक्सच्या सेटिंगमध्ये आवाज ‘पीसीएम’ किंवा ‘स्टिरिओ’ केला की दोन्हीकडे येतो. पडदा पूर्ण काळा आणि त्यावर ‘HDCP’ असं काही लिहून आलं, तर तो लहरींचा दोष नव्हे. नक्कल रोखणाऱ्या कुलपाची आवृत्ती जुळलेली नाही. फोर-के ओटीटीच्या काड्यांबाबत हे जास्त होतं. काडीचं चित्र १०८०पीवर आणून पाहावं.

रिमोटचंही पाहू. चांगल्या जोडीबरोबर एक पातळ वायर येते, तिच्या टोकाला लहानसा दिवा असतो. ती ट्रान्समीटरला लावून दिव्याचं टोक सेट-टॉप बॉक्सच्या पुढच्या काळपट काचेवर चिकटवायचं. बेडरूममध्ये रिमोट रिसीव्हरकडे धरून दाबला की संदेश उलट वाटेने जाऊन तो दिवा लुकलुकतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून पाहिलं तर बहुधा जांभळट चमक दिसते. चमक दिसूनही बॉक्स ऐकत नसेल तर दिवा बोटभर सरकवावा. आजकालच्या अँड्रॉइड बॉक्सचे अनेक रिमोट मात्र ब्लूटूथवर चालतात. त्यांच्यासाठी ही वायर कामाची नाही, आणि ब्लूटूथ दोन काँक्रीटच्या भिंतींपलीकडे पोचेलच असं नाही. खरेदीआधी आपला रिमोट बॉक्सवर हात ठेवून तपासावा. बॉक्सचं तोंड झाकूनही चॅनेल बदलत असेल तर तो ब्लूटूथचा.

मावशीकडे दिवसभर सगळं नीट चाललं आणि रात्री आठच्या सुमाराला चित्र पुन्हा अडखळायला लागलं. डब्या हलल्या नव्हत्या, भिंती त्याच. वेळेनुसार बदलणारा दोष हा भिंतीचा नसतो, गर्दीचा असतो. संध्याकाळी टॉवरमधले सगळे घरी येतात आणि प्रत्येकाचा राउटर भरात असतो. पण पहिला संशय शेजाऱ्यांवर नव्हे, आपल्याच राउटरवर घ्यावा. तो त्याच टीव्ही युनिटमध्ये, ट्रान्समीटरपासून हातभर अंतरावर होता.

वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा लहान लहान वाटांमध्ये विभागलेला असतो. त्यांनाही चॅनेल म्हणतात आणि त्यांचे क्रमांक ३६, ४०, ४४, ४८, मग पुढे १४९ ते १६५ असे असतात. भारतात २०१८च्या ऑक्टोबरमध्ये या पट्ट्याचा बराच मोठा भाग परवान्याशिवाय वापरायला खुला झाला, त्यामुळे जागा पुष्कळ आहे. तरी राउटर आणि सेंडर दोघंही सुरू झाले की अनेकदा ३६ ते ४८ याच टोकाला बसतात. शिवाय राउटर ८० मेगाहर्ट्झ रुंदीवर असेल तर या चारही वाटा तो एकटाच व्यापतो. मग भाच्याने मोबाइलवर व्हिडिओ लावला की राउटर बोलतो, सेंडरला थांबावं लागतं, साठवण संपते आणि काकांचं चित्र गोठतं.

उपाय राउटरच्या सेटिंगमध्ये आहे. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकायचा. तो बहुधा `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` असतो आणि राउटरच्या खालच्या लेबलवर पासवर्डसह छापलेला असतो. ५ गिगाहर्ट्झच्या पानावर `Channel` हे `Auto` वरून काढून `149` करायचं आणि `Channel Width` हे `80 MHz` वरून `40 MHz` वर आणायचं. घरातल्या इंटरनेटचा वरचा वेग थोडा कमी होतो, पण रोजच्या वापरात ते कळत नाही. मग सेंडरच्या दोन्ही डब्या बंद करून पुन्हा चालू करायच्या, म्हणजे त्या मोकळी वाट नव्याने निवडतात. काही डब्यांवर वाट बदलायचं बटणही असतं. राउटर आणि ट्रान्समीटर यांत दोन-तीन मीटर अंतर ठेवावं, कारण जवळचा राउटर वेगळ्या वाटेवर असला तरी त्याचा गोंगाट पोचतो. ५२ ते १४४ या वाटांना एक अट आहे. काही हवामान रडार आणि इतर रडार याच भागात चालतात, म्हणून तिथे जाणाऱ्या यंत्राने आधी साधारण मिनिटभर कानोसा घ्यायचा आणि रडार ऐकू आलं की जागा सोडायची. चालू चित्र अचानक मिनिटभर गेलं आणि आपोआप परत आलं, तर हे एक कारण असू शकतं. अगदी स्वस्त सेंडर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. तिथे एकमेकींवर न चढणाऱ्या वाटा तीनच, आणि त्याच पट्ट्यात ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन. दूध गरम करायला लावलं की चित्र तुटत असेल तर दुसरा पुरावा शोधायला नको. असा सेंडर टीव्हीसाठी घेऊच नये.

एवढं करूनही चित्र तुटत असेल, पॅसेजमधून कुणी गेलं की लगेच अडखळत असेल, तर लहर काठावर आहे असं समजावं. अशा जोडीवर आणखी पैसे घालण्यापेक्षा तार परवडते. दहा मीटरची चांगली एचडीएमआय केबल दाराच्या चौकटीवरून पट्टीत घालून नेता येते. लांब जायचं असेल तर कॅट-६ केबलवरून एचडीएमआय नेणाऱ्या डब्या मिळतात, आणि नव्या इमारतींत इंटरनेटसाठी भिंतीतून टाकलेल्या नळ्या त्यासाठी वापरता येतात. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या जाड भिंतींच्या घरात किंवा तीन काँक्रीटच्या भिंती मधे असलेल्या फ्लॅटमध्ये मी सरळ हाच सल्ला देईन. मावशीला तो द्यावा लागला नाही. राउटर आता पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला, बुटांच्या कपाटावर आहे, ट्रान्समीटर वरच्या फळीवर, आणि हॉलमधल्या विकेटचा ओरडा तेवढा काकांना अजूनही आधी ऐकू येतो.